निळं कडं आणि न विचारलेला प्रश्न

(रक्ततपासणी आणि रक्ताचे आजार या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज मी एकच पेशंट घेऊन आलो आहे. त्याचं नाव सांगणार नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही थोडे बदलले आहेत. त्याच्या रक्ताच्या आणि अस्थिमज्जेच्या काचा मात्र माझ्या अजून डोळ्यांसमोर आहेत.

वय अडतीस. तीन महिन्यांपासून बेंबीभोवती पिळवटून टाकणारी कळ, जोडीला बद्धकोष्ठ. कळ आली की गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचा. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीतून जठर पाहून झालं, काही सापडलं नाही. हिमोग्लोबिन ८.६ निघालं आणि तांबड्या पेशी आकाराने लहान होत्या. लहान पेशींचा ॲनिमिया म्हणजे लोहाची कमतरता, हे आपल्याकडे इतकं सवयीचं आहे की दोन महिने लोहाच्या गोळ्या चालल्या. हिमोग्लोबिन ८.४ झालं. पुढे फेरिटिन तपासलं तर ते ३१०. शरीरात लोहाचा साठा भरपूर होता, तरी रक्त तयार होत नव्हतं. थॅलसेमिया मायनरची शंका म्हणून एचबीए-२ पाहिलं, तेही नॉर्मल.

मग अस्थिमज्जेची तपासणी झाली आणि रिपोर्ट आला: रिंग्ड सिडरोब्लास्ट आहेत, मायलोडिसप्लेशियाचा विचार करावा. मायलोडिसप्लेशिया म्हणजे मज्जेतल्या मूळ पेशींचाच आजार, जो पुढे रक्ताच्या कर्करोगाकडे जाऊ शकतो. घरच्यांना हे सांगून झालं होतं. दुसरं मत घ्यायला म्हणून त्या काचा माझ्याकडे आल्या.

आता रिंग्ड सिडरोब्लास्टमधली ही निळी कडी म्हणजे काय ते नीट पाहू, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकली आहे.

मज्जेच्या काचेवर लोह पाहायचं तर पर्ल्सचा रंग वापरतात. १८६७ पासून ही पद्धत आहे आणि अजून तिच्यात फारसा बदल झालेला नाही. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड यांची सौम्य द्रावणं वापरण्याच्या अगदी आधी समप्रमाणात मिसळायची आणि काच त्यात साधारण दहा मिनिटं ठेवायची. ॲसिड लोह सुटं करतं, फेरोसायनाइड त्याला पकडतं आणि गडद निळा रंग उमटतो. हिमोग्लोबिनमध्ये बसलेलं लोह मात्र या रंगाला हाती लागत नाही, ते तिथे घट्ट बांधलेलं असतं. म्हणजे काचेवर जे निळं दिसतं ते अजून कामाला न लागलेलं लोह. मला हा रंग आवडतो तो याचसाठी. गोदामात माल किती पडून आहे, एवढंच तो सांगतो.

तांबड्या पेशीच्या पूर्वज पेशीत, एरिथ्रोब्लास्टमध्ये, एरवीही एक-दोन बारीक निळे ठिपके कुठेतरी दिसतात. लोहाची खरी कमतरता असेल तर तेही नसतात, सगळी काच गुलाबी दिसते. रिंग्ड सिडरोब्लास्टमध्ये पाच किंवा जास्त ठिपके केंद्रकाला लागून गळ्यातल्या माळेसारखे बसतात आणि केंद्रकाचा निदान एक तृतीयांश घेर व्यापतात. ते केंद्रकाभोवतीच का, तर पेशीची ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, तिथे दाटीने बसलेली असतात आणि लोह त्यांच्यातच अडकलेलं असतं. हिमोग्लोबिनचा रंगीत भाग, हीम, तयार करण्याची शेवटची पायरी मायटोकॉन्ड्रियातच होते. तिथे फेरोकेलेटेज नावाचं एन्झाइम पोर्फिरिनच्या चौकटीत लोहाचा अणू बसवतं. चौकट नसेल, किंवा ती भरणारं एन्झाइम बंद पडलं असेल, तर लोह येत राहतं आणि साचत राहतं.

ही पायरी अडवणारी कारणं अनेक आहेत. दारू, क्षयरोगावरचं आयसोनियाझिड (ते जीवनसत्त्व बी-६ कमी पाडतं), तांब्याची कमतरता, काही आनुवंशिक दोष आणि अर्थात मायलोडिसप्लेशियाही. शिसंही यात येतं, आणि ते एकाच वेळी दोन ठिकाणी घाव घालतं: सुरुवातीला एएलए डिहायड्रेटेज या एन्झाइमवर आणि शेवटी फेरोकेलेटेजवर. लोहाची जागा रिकामी राहिली की तिथे जस्त जाऊन बसतं आणि झिंक प्रोटोपोर्फिरिन वाढतं. लोहाच्या कमतरतेतही ते वाढतं, हे मात्र लक्षात ठेवा.

मी रिंग्ड सिडरोब्लास्ट मोजले: शंभर पूर्वज पेशींत अकरा. मायलोडिसप्लेशियाच्या या प्रकारासाठी पंधरा टक्क्यांची मर्यादा आहे. एसएफ३बी१ या जनुकात ठरावीक बदल असेल तर पाच टक्केही पुरतात. म्हणून नुसत्या आकड्यावर भांडून उपयोग नव्हता. पण हा निकष लावण्याआधी दारू, औषधं, शिसं, तांब्याची कमतरता ही कारणं बाजूला काढायची असतात आणि इथे कोणी ती काढलीच नव्हती. शिशाच्या विषबाधेत कडी मोजकीच असतात, कधी सापडतही नाहीत. म्हणून कडी नाहीत तर शिसं नाही असं म्हणता येत नाही, आणि कडी आहेत म्हणून कर्करोगाच्या वाटेवरच आहे असंही नाही.

मी मज्जेची काच ठेवली आणि बोटाला टोचून काढलेल्या ताज्या रक्ताची साधी काच मागितली. ही सवय तुम्हीही लावून घ्या. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, तेच जे आपण पुढे शिशावर औषध म्हणून वापरतो. रक्त त्यात तासन्‌तास पडून राहिलं तर आपल्याला हवे ते ठिपके फिके पडू शकतात.

ताज्या काचेवर ते ठिपके स्पष्ट होते. तांबड्या पेशीभर सारख्या पसरलेल्या जाड, निळसर कणांना बेसोफिलिक स्टिपलिंग म्हणतात. जणू कोणी निळ्या शाईच्या टोकाने पेशी टोचून काढली आहे. पेशी परिपक्व होताना तिच्यातला उरलेला आरएनए साफ व्हायला हवा. त्यासाठी पायरिमिडीन ५'-न्यूक्लिओटिडेज हे एन्झाइम लागतं, आणि शिसं त्यालाही थांबवतं. मग रायबोसोमचे तुकडे गोळा होऊन राहतात, तेच हे ठिपके. निळं कडं म्हणजे अडलेलं लोह, आणि हे ठिपके म्हणजे न उचललेला कचरा. दिसायला दोन्ही निळी असली तरी वस्तू अगदी वेगळ्या आहेत, आणि नवीन विद्यार्थी इथेच फसतात. तांबड्या पेशीत लोहाचे कणही असतात, त्यांना पॅपेनहायमर बॉडी म्हणतात. ते सहसा मोजके आणि पेशीच्या कडेला घोळका करून असतात. शंका आली तर पर्ल्सचा रंग लावून पाहा: लोहाचे कण निळे होतील, स्टिपलिंग होणार नाही.

स्टिपलिंगनेही निदान पक्कं होत नाही. थॅलसेमिया मायनरमध्ये ते सर्रास दिसतं आणि मेगॅलोब्लास्टिक ॲनिमियातही. उलट शिशाच्या विषबाधेत ते नसूही शकतं. काच पाहून आपल्याला फक्त प्रश्न विचारायचा हक्क मिळतो.

तो प्रश्न मी फोन करून विचारला.

"दादा, काम काय करता?"

"भट्टीवर असतो, डॉक्टरसाहेब. जुन्या बॅटऱ्या येतात. फोडायच्या, ॲसिड ओतून द्यायचं, प्लेटा काढून वितळवायच्या."

पाच डॉक्टरांकडे जाऊन आलेला हा माणूस. त्याच्या फाइलमध्ये पोटाची सोनोग्राफी दोनदा होती, पण व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' एवढाच शब्द. पत्र्याची शेड, वारा येत नाही, तोंडाला गमछा. शिसं ३२७ अंशाला वितळतं, पण धोका फक्त धुराचा नाही. प्लेटांवरची राखाडी पूड हाताला, बिडीला, भाकरीला लागून पोटात जाते. तो दुपारचं जेवण शेडमध्येच करायचा.

रक्तातलं शिसं तपासायचं तर शिरेतूनच घ्यावं लागतं, धातूंच्या तपासणीसाठीच्या खास ट्यूबमध्ये. बोटाला टोचून घेतलं तर कातडीवरच्या पुडीने आकडा फुगतो. त्याचं आलं डेसिलिटरला ९२ मायक्रोग्रॅम. लहान मुलांसाठी अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये लक्ष देण्याची पातळी ३.५ ठरवली आहे, त्यावरून ९२ म्हणजे काय ते समजेल. मी हिरड्या पाहिल्या तर दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. बर्टनने १८४० मध्ये वर्णन केलेली रेघ ती हीच. उजवा पंजा वर उचलताना हात थोडा खाली झुकत होता.

उपचारात पहिली गोष्ट काम थांबवणं. शिसं आत येत असताना ते बाहेर काढणारं औषध दिलं तर आतड्यातून शोषण वाढू शकतं. मग कॅल्शियम डायसोडियम ईडीटीएचा पाच दिवसांचा कोर्स दिला. इथे एक सावधगिरी जिवावरची आहे. नुसतं डायसोडियम ईडीटीए वेगळं. ते रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं, हृदय थांबतं. नावातल्या एका शब्दाच्या फरकाने मुलं दगावली आहेत. मी बाटलीवरचं नाव नर्ससमोर मोठ्याने वाचून मगच औषध चालू करायला सांगितलं.

कोर्सनंतर पातळी ४१ झाली. दोन आठवड्यांनी पुन्हा ६३. घरच्यांना वाटलं तो परत भट्टीवर गेला. तो गेला नव्हता. प्रौढ माणसाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं. रक्त रिकामं झालं की हाडं ते परत सोडतात. रक्तातलं शिसं महिन्याभरात अर्धं होतं, हाडातलं जायला वर्षं-दशकं लागतात. म्हणून दुसरा कोर्स लागला, आणि तो संपताना पातळी ३४ होती. पोटातली कळ पहिल्या आठवड्यातच थांबली होती. हिमोग्लोबिन चार महिन्यांत १२.१ वर आलं, लोहाची एकही गोळी न देता.

एसएफ३बी१ची तपासणीही आम्ही केली. बदल नव्हता. मज्जा पुन्हा काढली नाही, गरजच राहिली नव्हती. खरं तर पहिल्यांदाही नव्हती. कामाचा प्रश्न आधी विचारला असता तर एका रक्ततपासणीत निदान झालं असतं आणि कंबरेच्या हाडात सुई गेली नसती.

दुसऱ्या भेटीत त्याची बायको सोबत होती. तिने विचारलं, "डॉक्टर, ह्यांचे कपडे मी घरच्या कपड्यांतच धुते. चालतं ना?" मी तिला म्हटलं, "ताई, मुलाला उद्याच घेऊन या." चार वर्षांच्या त्या मुलाची पातळी ३८ आली. औषधाची मर्यादा ४५ आहे, म्हणून शिसं काढणारं औषध दिलं नाही. त्याला लोहाची कमतरता होती, आणि लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढतं, म्हणून त्याला मात्र लोहाचं सिरप दिलं. कामाचे कपडे घराबाहेर गेले, फरशी ओल्या फडक्याने पुसायला सुरुवात झाली. तीन महिन्यांनी त्याची पातळी २२ होती. त्याच्या रक्ताची काच मी पुन्हा पाहिली, ठिपके कमी झाले होते, पण अजून होते.