ठरावाच्या प्रतीतली शेवटची चार वाक्ये

मंडळी, बँकेतून परत आलेले कंपन्यांचे ठराव मी बरेच पाहिले आहेत. ते नेमके कुठे अडतात, तेवढंच आज सांगणार आहे. ठरावाचा मजकूर बहुधा ठीक असतो. अडतं ते त्याच्याखाली लिहिलेल्या प्रमाणपत्रावर.

एक उदाहरण धरू. दोन संचालकांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. चालू खात्यावर सही करणारे अकाउंट्स मॅनेजर नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या जागी दुसऱ्या अधिकाऱ्याला सहीचा अधिकार द्यायचाय. १२ जूनला संचालक मंडळाची सभा होऊन ठराव झाला. आता बँक त्याची प्रमाणित प्रत मागते. कारण बँकेचा माणूस सभेला नव्हता आणि इतिवृत्ताची वही कंपनी कुणाकडे देत नाही. त्या वहीत हा ठराव आहे, असं बँकेला कंपनीतल्या कुणीतरी सही करून सांगावं लागतं.

प्रत कंपनीच्या लेटरहेडवर काढा. कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन हा कंपनीचा २१ अक्षरांकांचा ओळख क्रमांक, दूरध्वनी आणि ईमेल त्यावर हवेतच. मग शीर्षक: ‘दि. १२ जून रोजी सकाळी ११ वाजता नोंदणीकृत कार्यालयात झालेल्या संचालक मंडळाच्या सभेत मंजूर झालेल्या ठरावाची प्रमाणित सत्यप्रत’. त्याखाली ठराव शब्दशः उतरवा. पुष्कळांचा हात इथेच सुटतो. प्रत काढताना एखादं वाक्य त्यांना अपुरं वाटतं, आणि ‘संयुक्तपणे किंवा स्वतंत्रपणे’ असं काहीतरी ते स्वतःच घालतात. तसं करू नका. वहीत नाही ते प्रतीत आलं की तुमची सही खोट्या विधानाखाली पडली. ठराव अपुरा असेल तर पुन्हा सभा घ्या.

आपल्या उदाहरणातल्या ठरावात दोन गोष्टी लागतात. नव्या माणसाला खाते क्रमांकासह अधिकार, आणि जुन्या माणसाचा अधिकार रद्द. दुसरी राहून गेली, तर बँकेच्या दप्तरी गेलेला माणूसही सहीचा धनी राहतो. ही चूक मला सगळ्यांत धोक्याची वाटते, कारण ती लगेच कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता प्रमाणपत्र. मी असं लिहितो:

‘वरील उतारा हा दि. १२ जून रोजी रीतसर बोलावलेल्या व गणपूर्ती असलेल्या संचालक मंडळाच्या सभेत मंजूर झालेल्या ठरावाची खरी व शब्दशः प्रत आहे. हा ठराव कंपनीच्या इतिवृत्त पुस्तकात नोंदलेला आहे. तो रद्द केलेला नाही, त्यात बदल केलेला नाही आणि आजच्या तारखेस तो अंमलात आहे. नव्या अधिकाऱ्याच्या नमुना सह्या खाली साक्षांकित केल्या आहेत.’

त्याखाली सही करणाऱ्याचं नाव, पद, संचालक असेल तर डीआयएन हा त्याचा ओळख क्रमांक, ठिकाण आणि सहीची तारीख. सभेची तारीख १२ जून आणि सहीची २० जून असली तर काही बिघडत नाही. ‘आजच्या तारखेस’ हे शब्द २० जूनलाच बांधलेले असतात. प्रत महिनाभर पडून राहिली, तर तीच पुढे करू नका, नवी सही नव्या तारखेनं करा. बँका आपापला छापील नमुना देतात, तोही बहुधा इंग्रजीत. तो वापरा, पण ही चार विधानं त्यात आहेत का ते पाहा.

दुसऱ्या वाक्याकडे जरा थांबा. वहीत अजून नोंद झालेली नसताना ‘नोंदलेला आहे’ लिहायचं नाही. सभेनंतर ३० दिवसांत इतिवृत्त वहीत चढवायचं असतं आणि बँकेला तर घाई असते. संचालक मंडळाच्या सभांसाठीच्या सचिवीय मानक एक मध्ये यावर तोड आहे. इतिवृत्ताचा उतारा नोंद झाल्यावरच द्यायचा, पण ठरावाचा मजकूर सभेपुढे ठेवलेला असेल तर त्या ठरावाची प्रमाणित प्रत आधीही देता येते. अशा वेळी दुसरं वाक्य गाळा आणि ‘ठरावाचा मजकूर सभेपुढे ठेवण्यात आला होता’ असं लिहा. त्यासाठी सभेला मसुदा छापून न्यायची सवय लावून घ्या.

सही कुणी करायची? कंपनी सचिव असेल तर त्यानं. छोट्या कंपनीत सचिव नसतो, तिथे मंडळानं अधिकार दिलेल्या संचालकानं. ज्याला अधिकार मिळतोय त्यानंच स्वतःची प्रत प्रमाणित केली, तर बँक हटकून परत पाठवते, आणि ते योग्यच आहे. दोनच संचालक असतील आणि एकाला सहीचा अधिकार मिळत असेल, तर प्रमाणपत्रावर दुसऱ्यानं सही करावी.

घाईत सभा न घेता ठराव परिपत्रकानं संचालकांकडे फिरवला असेल, तर ‘सभेत मंजूर’ हे शब्द चालणार नाहीत. ‘परिपत्रकाद्वारे अमुक तारखेस मंजूर’ असं लिहायचं, आणि गणपूर्तीचा उल्लेखही काढायचा. सही करणारा बदलायला ही वाट चालते. बँकेकडून कॅश क्रेडिट घ्यायचं असेल तर मात्र चालत नाही. कंपनी कायद्याचं कलम १७९ कर्ज काढायचा अधिकार सभेतल्या ठरावानंच वापरायला सांगतं, त्यामुळे तिथे परिपत्रकाची प्रत कितीही नीट प्रमाणित केली तरी सभा घ्यावीच लागते.