आधी पडलेला बाजार आणि सरत जाणारे युनिट

परतावा दरवर्षी सरासरी किती मिळेल, हा प्रश्न निवृत्तीपर्यंत ठीक आहे. पैसे काढायला लागल्यावर मात्र तो परतावा कोणत्या क्रमाने येतो, हे विचारावं लागतं.

समजा, दोन निवृत्तांकडे म्युच्युअल फंडाचे प्रत्येकी 1000 युनिट आहेत, भाव 10. म्हणजे पुंजी 10,000. दोघंही दर वर्षाच्या सुरुवातीला 600 काढतात. म्हणजे सहा टक्के. जरा जास्तच आहेत, पण मुद्दाम घेतलेत. चार वर्षांचे परतावे असे: वजा 20, वजा 10, अधिक 15, अधिक 30. पहिल्याला ते याच क्रमाने मिळतात, दुसऱ्याला बरोबर उलट. काहीच काढलं नसतं, तर दोघांचेही साधारण 10,764 झाले असते. गुणाकाराला क्रमाचं काय!

पण काढायचं म्हणजे युनिट विकायचे. पहिल्या वर्षी दोघांचे 60-60 गेले. दुसऱ्या वर्षी पहिल्याचा भाव 8 वर आलेला, तेच 600 मिळवायला त्याला 75 विकावे लागले. दुसऱ्याचा भाव 13, त्याचं 46 मध्ये भागलं. चार वर्षांत पहिल्याचे 291 युनिट गेले, दुसऱ्याचे 191. शेवटी भाव दोघांनाही सारखाच, 10.76, पण पुंजी एकाची 7,634 आणि दुसऱ्याची 8,709. बाजार सावरला, हे खरं. विकून टाकलेले युनिट त्या तेजीत नव्हते. उशिरा पडझड झाली, तर तोवर पुंजी फुगलेली असते आणि काढायची वर्षंही कमी उरलेली असतात.

अमेरिकेत आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये जो चार टक्क्यांचा आकडा मांडला, तो सरासरीवर नव्हे, तर तिथल्या इतिहासातल्या सर्वांत वाईट सुरुवातीवर बेतलेला होता: पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के, पुढे महागाईप्रमाणे वाढ, मुदत 30 वर्षं. दुसऱ्या देशात किंवा 40 वर्षांसाठी तो तसाच उचलू नये.

धोका ओळखायचा कसा? दर वर्षी यंदाच्या रकमेला उरलेल्या पुंजीने भागा. आपल्या पहिल्या माणसाचं उत्तर दुसऱ्याच वर्षी सहावरून आठ टक्क्यांवर गेलं. गायटन आणि क्लिंगर या अभ्यासकांच्या नियमात हा दर सुरुवातीपेक्षा एक पंचमांशाने वाढला, की रक्कम एक दशांशाने कमी करतात. इथे ती मर्यादा 7.2 टक्के. म्हणजे दुसऱ्या वर्षी 600 ऐवजी 540 काढायचे; मग 75 ऐवजी साडेसदुसष्ट युनिटांत भागतं. वर्ष-दोन वर्षांचा खर्च रोखीत बाजूला असेल, तर पडत्या भावात विक्री थांबवताही येते. पण दीर्घ मंदीत ती रोख संपते, आणि एरवी तिच्यावर परतावा कमी मिळतो, हेही धरून चाला.

या कपातीला एक अट आहे. खर्चातला दहावा हिस्सा खरंच सोडता यायला हवा. सगळी रक्कम भाडं, औषधं आणि किराण्यातच जात असेल, तर हा नियम कागदावरच राहतो. अशा माणसाने मुळात सहा टक्क्यांनी सुरुवातच करू नये.