भिंत हलवता येते, कॉलम नाही

कागदावर घराचा नकाशा आहे. बाथरूम डावीकडून उजवीकडे न्यायचं, तर खोडरबर पुरतो. स्लॅब पडल्यावर हीच मागणी आली, की स्लॅब कोरा, सांडपाण्याचा पाइप नव्याने उतारात बसवा, वॉटरप्रूफिंग पुन्हा करा. म्हणून बांधकामात नकाशा आधी पक्का करतात. मग पाया, कॉलम, स्लॅब, भिंती.

सॉफ्टवेअरमध्ये याच क्रमाला वॉटरफॉल म्हणतात: गरजा, डिझाइन, कोडिंग, शेवटी टेस्टिंग. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी हे टप्पे एकाखाली एक मांडले आणि त्याच लेखात बजावलं, की टेस्टिंग शेवटावर ढकलणं धोक्याचं आहे. लोकांनी आकृती उचलली, इशारा तिथेच राहिला.

आता दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर घ्या. गरजांच्या कागदात लिहिलंय, ‘रुग्णाची ओळख मोबाइल नंबरवरून’. सह्या झाल्या. तोच नंबर डेटाबेसची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची पुन्हा न येणारी ओळख झाला, आणि अपॉइंटमेंट, बिलं, रिपोर्ट अशी सगळी टेबलं त्याला जोडली गेली. नवव्या महिन्यात रिसेप्शनिस्ट पहिल्यांदा स्क्रीनसमोर बसते. आईची नोंद होते. त्याच नंबरवर मुलाची करायला जाते, तर `duplicate key`, म्हणजे हा नंबर आधीच नोंदलेला आहे. घरात फोन एकच! आता प्रत्येक टेबल बदला, टेस्टिंग पुन्हा करा. कॉलम हलवण्याचंच काम हे.

अजाइल या दुसऱ्या पद्धतीत काम छोट्या टप्प्यांत, बहुधा दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये होतं. पहिल्या स्प्रिंटमध्ये एवढंच: रुग्णाची नोंद करायची आणि वेळ द्यायची. स्प्रिंटच्या शेवटी रिव्ह्यूला तीच रिसेप्शनिस्ट तीच चूक दाखवते, पण तेव्हा टेबलं दोनच असतात. `patient_id` हा वेगळा क्रमांक दिला, की प्रश्न मिटला.

नवीन टीम नेमकी इथे फसते: पहिल्या स्प्रिंटमध्ये सगळी टेबलं, दुसऱ्यात स्क्रीन आणि डेटाबेस जोडणारे सगळे एपीआय, तिसऱ्यात स्क्रीन. हा वॉटरफॉलच आहे, फक्त तुकडे केलेला. ओळखायचं कसं? रिव्ह्यूला ग्राहकाला वापरून बघण्यासारखं काहीच नसतं. त्यापेक्षा एकच खोली बांधा, पण छप्पर, दार, दिवा यांसह. म्हणजे स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत चालणारं एकच काम. घराची उपमा मात्र इथे अपुरी पडते: अर्धवट घरात राहता येत नाही, सॉफ्टवेअरचा असा एक भाग वापरता येतो.

तरीही अजाइल म्हणजे पाया न घालता भिंती उभारणं नव्हे. बॅकलॉगमधलं, म्हणजे करायच्या कामांच्या यादीतलं, प्रत्येक काम हातात घेताना विचारा: खऱ्या रुग्णांच्या नोंदी भरल्यावर हे बदलायचं झालं, तर काय काय उकरावं लागेल? बटणाचा रंग म्हणजे भिंतीचा रंग, कधीही बदला. रुग्णाची ओळख कशी ठेवायची, कुणाचा रिपोर्ट कुणाला दिसेल, हे मात्र कॉलम आहेत. त्यांचा निर्णय पहिल्या स्प्रिंटच्या आधी, रिसेप्शनच्या टेबलाशी बसून घ्या.