शेकडा दीडचं व्याज आणि मुद्दलीचा हिशोब

श्रोतेहो, नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात 'शेकडा दीड' म्हटलं की समजावून सांगावं लागत नाही. महिन्याला दीड टक्का, म्हणजे वर्षाला अठरा. हाच दर आता मोबाइलवरच्या पी-टू-पी कर्ज मंचांवरही ऐकू येतो, आणि बेदाण्याचा धंदा करणारा मित्रही तोच देऊ करतो. दोन्हीकडे मुद्दलीचं काय होतं, ते आज आकडे मांडून पाहू.

पी-टू-पी मंच म्हणजे पैसे देणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणारी, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कंपनी. ती बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, इथं तो नाही. कर्ज बुडालं तर तुमचंच बुडालं. ऑगस्ट 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम आणखी कडक केले. मंचानं ठरावीक परताव्याची हमी द्यायची नाही आणि 'हवे तेव्हा पैसे काढा' अशी योजना म्हणून हे विकायचं नाही. तरीही कोणी तसं सांगत असेल, तर तिथंच थांबा.

आता हिशोब. एक लाख रुपये वीस कर्जदारांत, प्रत्येकी 5 हजार, एका वर्षासाठी, अठरा टक्क्यांनी दिले. मासिक हप्ता सुमारे 458 रुपये. वर्षभरात एकाकडून साडेपाच हजार येतात, म्हणजे व्याज 500, नऊशे नव्हे. कारण मुद्दल दर महिन्याला परत येत जाते आणि व्याज उरलेल्या रकमेवरच लागतं. सगळ्यांनी फेडलं तर व्याज दहा हजार.

पण दोघांनी तीन हप्ते भरून हात वर केले, तर प्रत्येकाचे नऊ हप्ते, मिळून सव्वाआठ हजार गेले. हातात उरले जेमतेम पावणेदोन हजार, त्यातून मंचाचं शुल्क वेगळं. आणि खरी मेख पुढं आहे. हाती आलेल्या सुमारे 9,400 रुपये व्याजावर प्राप्तिकर लागतो. पगारदार माणसाला बुडालेली मुद्दल त्यातून वजा करून मिळत नाही. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर 1,880 रुपये. म्हणजे विसातले दोन बुडाले की वर्षभराची कमाई शून्याखाली. जाहिरातीतला अठराचा आकडा हे कधी सांगत नाही.

मित्राच्या धंद्यात तर वीस कर्जदारही नसतात, एकच असतो. समजा, त्यानं हंगामात 40 लाखांचा बेदाणा घेऊन कोल्ड स्टोरेजला ठेवला. दिवाळीच्या आसपास भाव चढेल हा अंदाज. त्यात 28 लाख बँकेचे, 7 लाख त्याचे स्वतःचे आणि 5 लाख तुमचे. तुम्हाला महिन्याला साडेसात हजार वेळेवर येतात, म्हणून निर्धास्त वाटतं. पण माल अजून विकलेलाच नाही. मग व्याज येतं कुठून? बहुधा बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे मालाच्या तारणावर ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलता येणाऱ्या खात्यातून, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या हातउसन्यातून.

भाव चौथाईनं पडला की त्या मालाचे 30 लाख होतात. माल बँकेकडे तारण आहे, त्यामुळं आधी बँकेचे 28 लाख आणि त्यावरचं व्याज. कोल्ड स्टोरेजवालाही भाडं चुकतं केल्याशिवाय माल सोडत नाही. मित्राचे सात आणि तुमचे पाच एकदमच जातात. मित्र लबाड नसतो, रांगेत तुम्ही शेवटी असता, इतकंच. म्हणून पैसे देण्याआधी त्याच्या कॅश क्रेडिट खात्याचा वर्षभराचा उतारा मागा. उचल सतत मर्यादेला टेकलेली असेल, तर तुमचे पैसे धंदा वाढवायला जात नाहीत, जुनी भोकं बुजवायला जातात. उतारा मागायला संकोच वाटतो खरा, पण ज्याच्याकडं कागद मागवत नाही, त्याला पाच लाख देऊच नयेत.

द्यायचेच ठरले, तर बँकेतूनच द्या. 20 हजार किंवा त्याहून जास्तीचं कर्ज रोखीनं घेतलं, तर तेवढाच दंड मित्राला बसू शकतो. रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली वचनचिठ्ठी घ्या. स्टॅम्प नसलेली चिठ्ठी न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. चेक घेतलात तर त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरावा लागतो. परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, त्याला पैसे द्यायला 15 दिवस, आणि तेही संपले की एका महिन्यात फौजदारी तक्रार.

मित्रांच्या व्यवहारात सर्वांत जास्त घोळ मुदतीचा होतो. 'मागाल तेव्हा देईन' अशा कर्जाची दाव्याची मुदत तीन वर्षं, आणि ती पैसे दिल्याच्या दिवसापासून धावते, तुम्ही मागितल्यापासून नाही. भिडेपोटी 'पुढच्या हंगामात बघू' म्हणत तीन वर्षं सहज निघून जातात. ती संपण्याआधी बाकी रक्कम लिहून, तारखेसह त्याची सही घ्या. तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात.