नरकातल्या पहारेकऱ्याला चटका बसतो का?

(अंधार. हळूहळू तापलेल्या लोखंडाचा लालसर उजेड.)

नरकाचं कुठलंही चित्र डोळ्यांसमोर आणा. खाली तापून लाल झालेली जमीन, उकळत्या कढया, होरपळणारे जीव. आणि त्यांना ढोसणारे, कापणारे, पुन्हा आगीत ढकलणारे पहारेकरी. आपली नजर जाते ती होरपळणाऱ्यांकडे. साधारण चौथ्या-पाचव्या शतकात होऊन गेलेल्या एका बौद्ध आचार्यांची नजर मात्र पहारेकऱ्यांच्या पायांकडे गेली. जमीन जर एवढी तापलेली आहे, तर हे तिच्यावर उभे कसे?

या आचार्यांचं नाव वसुबंधू. जन्म गांधार देशातल्या पुरुषपुरचा, म्हणजे आजच्या पेशावरचा. नरकाचा विषय त्यांना नवा नव्हता. त्यांच्याच नावावर असलेल्या ‘अभिधर्मकोश’ या ग्रंथात नरकांची मोजमापं दिली आहेत. एकाखाली एक असे आठ उष्ण नरक. सगळ्यांत वरचा संजीव, तिथे मेलेल्या जिवांना गार वारा लागतो आणि ते पुन्हा जिवंत होतात, पुन्हा मारले जाण्यासाठी. सगळ्यांत खालचा अवीची, जंबुद्वीपाच्या पृष्ठभागापासून वीस हजार योजनं खोल. एवढा काटेकोर हिशेब मांडणाऱ्या माणसाला नरक ही जागाच वाटत असणार, असं आपण सहज म्हणू.

पण त्याच वसुबंधूंचा ‘विंशतिका’ नावाचा वीसेक श्लोकांचा छोटा ग्रंथ आहे. त्यात नरकाचा मुद्दा एका वेगळ्याच वादात येतो. वसुबंधूंचं म्हणणं असं, की आपल्याला बाहेर दिसणारं जग हे विज्ञानाचं, म्हणजे जाणिवेचंच रूप आहे. यावर समोरचा विचारतो: सगळं जाणिवेतच असेल, तर एक गोष्ट ठरावीक जागीच का दिसते, ठरावीक वेळीच का दिसते, आणि एकट्यालाच न दिसता तिथल्या सगळ्यांना का दिसते? स्वप्न एकट्याचं असतं. जग सगळ्यांचं आहे.

वसुबंधू उत्तरादाखल नरकाकडे बोट दाखवतात. तिथले सगळे जीव तेच पहारेकरी पाहतात, त्याच जागी, त्याच वेळी, आणि त्यांच्या हातचा मारही खातात. तरीही ते पहारेकरी खरे नाहीत.

(विराम.)

खरे का नाहीत, याचा तर्क सावकाश ऐकण्यासारखा आहे. नरकात जन्म मिळतो तो वाईट कर्माचं दुःख भोगायला. पहारेकरी तिथे जन्मलेले असतील, तर त्यांनाही ते दुःख भोगावं लागेल. मग छळणारा कोण आणि छळला जाणारा कोण, हा फरकच उरत नाही. शिवाय दोघांची शरीरं, आकार, बळ सारखंच असेल, तर एकाला दुसऱ्याची एवढी दहशत का वाटावी? आणि शेवटी तोच पायांचा प्रश्न. धगधगत्या लोखंडी जमिनीचा दाह ज्याला स्वतःलाच सहन होणार नाही, तो तिच्यावर उभा राहून दुसऱ्याला काय छळणार?

समोरचाही कच्चा नाही. तो म्हणतो, स्वर्गात पशुपक्षी जन्माला येतातच ना? तसेच नरकात पहारेकरी म्हणून दुसऱ्या योनीतले जीव जन्मत असतील. वसुबंधू म्हणतात, स्वर्गातले पशुपक्षी तिथलं सुख भोगतात, त्या सुखाला साजेसं कर्म त्यांनी केलेलं असतं. पहारेकरी नरकातलं दुःख भोगत नाहीत. म्हणून ते तिथले नाहीत.

समोरचा म्हणतो, बरं, मग ते जीव नसतील. कैद्यांच्याच कर्माच्या जोरावर मातीपाण्यासारखी महाभूतं त्या आकारात एकत्र येत असतील, हात हलवत असतील, भीती घालत असतील. इथे वसुबंधू शेवटचा प्रश्न विचारतात, आणि माझ्या मते या सगळ्या वादाचं मर्म त्यात आहे. कर्माचा संस्कार, ज्याला ते वासना म्हणतात, तो जाणिवेच्या प्रवाहात उमटतो हे तुम्हीही मानता. मग संस्कार एकीकडे आणि त्याचं फळ बाहेर भलतीकडे, अशी कल्पना कशासाठी? जिथे संस्कार आहे तिथेच फळ का नको?

(लोखंडाचा उजेड मंद होतो.)

‘नरक मनात आहे’ हे वाक्य आपण आज हलकेपणाने बोलतो. त्यात एक दिलासा दडलेला असतो: मनातच आहे, म्हणजे खरं नाही, मन वळवलं की सुटलो. वसुबंधूंच्या नरकात असला दिलासा नाही. त्यांचा पहारेकरी मनातून उगवलेला आहे, पण त्याला हाकलून देता येत नाही. ज्यांची कर्मं सारखी पिकली, त्या सगळ्यांना तो दिसतो, आणि कर्म सरेपर्यंत दिसत राहतो. खऱ्या तुरुंगाच्या पहारेकऱ्याला निदान झोप लागू शकते.

आठव्या शतकातले आचार्य शांतिदेव हेच दोन ओळींत विचारतात: ‘शस्त्राणि केन नरके घटितानि प्रयत्नतः’. नरकातली ही शस्त्रं एवढ्या मेहनतीने घडवली कोणी? ती तापलेली फरशी घातली कोणी? आणि उत्तर देतात, हे सगळं पापी चित्तातून उपजलं, असं बुद्धांनी सांगितलं आहे.

याची मुळं बरीच जुनी आहेत. पाली त्रिपिटकातल्या संयुत्त निकायात एक छोटं सूत्र आहे. त्यात बुद्ध म्हणतात, अडाणी माणूस म्हणतो की महासमुद्रात तळ नसलेलं पाताळ आहे. पण तसं काही तिथे नाही. पाताळ हे शरीराच्या दुःखद वेदनेचंच नाव आहे. त्या वेदनेत जो रडतो, छाती पिटतो, भान हरपतो, त्याला पाताळात पाय टेकता आला नाही.

एवढ्यावरून बौद्ध मत म्हणजे ‘नरक फक्त मनात’ असं म्हणून टाकलं, तर चूक होईल. पाली त्रिपिटक मानणाऱ्या थेरवादी परंपरेच्या ‘कथावत्थु’मध्ये हाच पहारेकऱ्यांचा वाद आहे आणि तिथला निकाल उलटा आहे. नरकपाल म्हणजे नुसती कर्माची रूपं, असं म्हणणाऱ्यांना तिथे खोडून काढलं आहे आणि नरकपाल खरोखर असतात असं ठामपणे सांगितलं आहे. त्याच त्रिपिटकात नरकाची सविस्तर, अंगावर काटा आणणारी वर्णनंही आहेत. दोन्ही धागे एकाच परंपरेत आहेत.

(समुद्रकिनारा. उत्तर आफ्रिकेचं कोरडं ऊन.)

वसुबंधूंच्या काळाच्या आसपासच, हजारो मैल पश्चिमेला, आजच्या अल्जीरियातल्या हिप्पो या गावी ऑगस्टीन नावाचे बिशप होते. इसवी सन 354 ते 430 हा त्यांचा काळ. त्यांनाही नरकाच्या आगीचा भौतिक प्रश्न पडला होता, पण नेमका उलट बाजूने. बौद्ध आणि हिंदू नरकाला शेवट असतो. कर्म सरलं की जीव तिथून सुटतो, तसंच ‘क्षीणे पुण्ये’ स्वर्गातूनही खाली येतो, असं गीता सांगते. ऑगस्टीन ज्या नरकाची बाजू मांडत होते, तो कायमचा होता. मग विचारणारे विचारत, आगीत पडलेलं शरीर जळून राख होतं. ते कायम जळत कसं राहील?

ऑगस्टीन ‘देवनगरी’ या ग्रंथाच्या एकविसाव्या खंडात निसर्गातले दाखले देतात. त्यातला एक त्यांच्या स्वतःच्या अनुभवातला आहे. मोराचं मांस कुजत नाही असं म्हणत. कार्थेजमध्ये त्यांच्या पानात शिजवलेला मोर आला, तेव्हा त्यांनी छातीचा एक तुकडा बाजूला ठेवायला सांगितला. महिनाभराने पाहिला, दुर्गंधी नाही. वर्षाने पाहिला, थोडा सुकून आक्रसला होता, एवढंच. ज्या देवाने मोराच्या मांसाला हा गुण दिला, तो पाप्याच्या शरीराला न संपता जळण्याचा गुण देऊ शकत नाही का, असा त्यांचा रोख.

दाखला आज टिकणार नाही. पण त्यामागची तळमळ मला महत्त्वाची वाटते. ऑगस्टीन यांना आग खरी हवी होती, कारण शरीर खरं होतं. मेलेले शरीरासह उठणार, ही ख्रिस्ती श्रद्धा आहे. शरीर आलं की त्याला जागा लागते.

पुढे जोर बदलत गेला. सातव्या शतकातले सिरियाक संत निनवेचे इसहाक लिहितात, की नरकातल्यांना फटके बसतात ते प्रेमाचे. ज्या प्रेमाचा आपण अपराध केला, तेच प्रेम त्यांना जाळतं, आणि तेच नीतिमानांना आनंद देतं. म्हणजे देव दोन ठिकाणी दोन वेगळे चेहरे दाखवत नाही. 28 जुलै 1999 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी लोकांसमोर बोलताना सांगितलं, की नरक ही जागा असण्यापेक्षा देवापासून स्वतःच्या इच्छेने आणि कायमचं तुटलेल्यांची अवस्था आहे. त्याच्या आठवडाभर आधी स्वर्गाबद्दलही ते बोलले होते: ढगांमधली एखादी जागा नव्हे, देवाशी असलेलं जिवंत नातं. नरक खोटा आहे असं त्यांनी म्हटलं नाही. त्याची कायमची शिक्षाही त्यांनी काढून घेतली नाही.

(हिमालय. बर्फ. मग झळाळता उजेड.)

आता महाभारताचं अठरावं पर्व. युधिष्ठिर सदेह स्वर्गात पोचतो आणि पहिल्यांदा त्याला दिसतो दुर्योधन, सूर्यासारखा तळपत आसनावर बसलेला. भाऊ कुठेच नाहीत. नारद समजावतात, इथे वैर नसतं. युधिष्ठिराला ते पटत नाही. तो म्हणतो, माझे भाऊ जिथे आहेत तोच माझा स्वर्ग, हा मला स्वर्ग वाटत नाही.

देवदूत त्याला घेऊन निघतो. वाटेत अंधार, चिखल, माशा, प्रेतं, उकळत्या पाण्याची नदी, तलवारीच्या पात्यांची पानं असलेलं वन. दुर्गंधीने गुदमरून युधिष्ठिर मागे वळतो, आणि अंधारातून आवाज येतात: जरा थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरं वाटतंय. कोण तुम्ही? मी कर्ण. मी भीम. मी अर्जुन. द्रौपदीचाही आवाज. तो देवांना आणि धर्मालाही दोष देतो, आणि देवदूताला सांगतो, तू जा. मी इथेच राहतो.

मुहूर्तभराने इंद्र येतो आणि सगळं नाहीसं होतं. नदी नाही, वन नाही, प्रेतं नाहीत. इंद्र म्हणतो, द्रोणांना तू अश्वत्थाम्याच्या बाबतीत कपटाने फसवलंस, म्हणून तुलाही कपटानेच नरक दाखवला. मग धर्मदेव सांगतो, ही माया होती.

माया होती, तरी दुर्गंधीने त्याचा जीव गुदमरला होता. माया होती, तरी तिथे राहण्याचा त्याचा निर्णय खरा होता. आणि ज्या पहिल्या दृश्याला कोणी माया म्हटलं नाही, तो झळाळता स्वर्ग, तिथे तो क्षणभरही थांबायला तयार नव्हता.

मग युधिष्ठिर आकाशगंगेत बुडी घेतो. मानवी देह गळून पडतो, आणि त्याच्याबरोबर वैरही. त्यानंतर देव त्याला पुन्हा तिकडे नेतात, जिथे राग ओसरलेले पांडव आणि धृतराष्ट्राचे पुत्र आपापल्या स्थानी बसले आहेत.