२१०० साली २९ फेब्रुवारी नाही! मग २००० साली कसा होता?

नमस्कार मंडळी! लीप वर्षावरचा व्हिडिओ टाकल्यापासून त्याच्याखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "२००० लीप होतं, मग २१०० का नाही?" कुणी विचारतंय, कुणी वाद घालतंय, आणि एकाने तर ठामपणे लिहिलंय की २०२४ हे लीप वर्षच नव्हतं, कारण त्याला ४०० ने भाग जात नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत २९ तारीख आपण सगळ्यांनी पाहिली आहे! तरीही हा गोंधळ होतो, म्हणून आज फक्त शतक वर्षांबद्दल बोलूया.

साधा भाग पटकन उरकतो, तो तुम्हाला येतोच. वर्षाला ४ ने नि:शेष भाग गेला तर लीप, फेब्रुवारी २९ दिवसांचा. नाही गेला तर २८. भागाकार करायचीही गरज नाही, शेवटचे दोन आकडे बघा. २०२८ मधले २८, भाग जातो. २०३० मधले ३०, जात नाही. झालं.

आता ज्या वर्षाच्या शेवटी दोन शून्यं असतात ते शतक वर्ष. १७००, १८००, १९००, २०००, २१००. इथे ४ ची कसोटी काही सांगतच नाही, कारण १०० लाच ४ ने भाग जातो, त्यामुळे प्रत्येक शतक वर्ष तिच्यातून पार होतं. म्हणून शतक वर्षांसाठी नियम वेगळा. त्याला ४०० ने भाग गेला तरच ते लीप, नाहीतर साधं वर्ष.

नियम एवढाच आहे. चुकतं ते प्रश्न कुणाला विचारायचा यात. ४०० चा प्रश्न फक्त शतक वर्षाला विचारायचा. २०२४ च्या शेवटी दोन शून्यं आहेत का? नाहीत. मग ४०० चा इथे काही संबंध नाही. ४ ने भाग गेला, विषय संपला. ज्यांनी २०२४ ला बाद केलं त्यांनी नियम बरोबर पाठ केला होता, पण तो भलत्याच वर्षाला लावला.

याच्या उलट चूक करणारेही तितकेच आहेत. ते म्हणतात, "१०० ने भाग गेला की लीप नाही," आणि तिथेच थांबतात. मग २००० पण गेलं हातचं! माझ्या भाचीच्या सराव परीक्षेत '१६०० हे लीप वर्ष आहे का?' असा प्रश्न होता. तिने 'हो' लिहिलं आणि तिचा गुण कापला गेला, कारण तपासणाऱ्यांच्या उत्तरसूचीत १०० च्या पुढची पायरीच नव्हती. १६०० ला ४०० ने भाग जातो, ४०० चोक १६००. मुलीचं उत्तर बरोबर होतं. उत्तरसूची छापण्याआधी एक भागाकार करून बघायला किती वेळ लागतो? अशा चुकीने मूल बरोबर शिकलेली गोष्ट विसरतं, याचा मला खरंच राग येतो.

ज्यांना ४०० चा भागाकार जड वाटतो त्यांच्यासाठी दुसरी वाट. शतक वर्षाची शेवटची दोन शून्यं झाका आणि जे उरतं त्याला ४ ने भागा. १९०० चे उरले १९, भाग जात नाही, साधं वर्ष. २००० चे २०, भाग जातो, लीप. २१०० चे २१, नाही. २२, नाही. २३, नाही. २४, जातो, म्हणजे २४०० लीप. नियम तोच आहे, फक्त ४०० मधली दोन शून्यं आणि वर्षातली दोन शून्यं एकमेकांना काटली. ही युक्ती वापरली की ४०० चुकून २०२४ ला लागायची भीतीच नाही, कारण तिथे झाकायला शून्यंच नाहीत.

"पण हे कुणी ठरवलं, आणि का?" याचं उत्तर एका छोट्या हिशोबात आहे. ऋतूंचं एक चक्र पूर्ण व्हायला सुमारे ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि ४५ सेकंद लागतात. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवताना आपण वरचे तास पूर्ण ६ धरतो. म्हणजे दर वर्षी सव्वाअकरा मिनिटं जास्त मोजली जातात. एका वर्षात कुणाला कळणारही नाही. पण ४०० वर्षांचं बघा. सव्वाअकरा गुणिले ४००, झाली ४५०० मिनिटं. म्हणजे ७५ तास. म्हणजे तीन दिवस आणि वर तीन तास.

दर ४०० वर्षांत तीन दिवस जास्त होतात, तर तीन दिवस काढून टाका. आणि ४०० वर्षांत शतक वर्षं किती येतात? चार. त्यातल्या तिघांचा २९ फेब्रुवारी काढायचा आणि एकाचा ठेवायचा. १७००, १८००, १९०० यांचा काढला, २००० चा ठेवला. आता २१००, २२००, २३०० यांचा जाणार आणि २४०० चा राहणार. म्हणून २००० आणि २१०० ची उत्तरं वेगळी आहेत. जुन्या ज्युलियन कॅलेंडरमध्ये ही काटछाट नव्हती, त्यामुळे शतकानुशतकं दिवस साचत गेले. शेवटी १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी सुधारणा केली, तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. शतक वर्षांचा नियम त्याच सुधारणेतला.

वरचे तीन तास मात्र राहिलेच. ते साचून एक पूर्ण दिवस व्हायला ३२०० वर्षांच्या आसपास लागतील. "मग नियम अपुरा आहे" असं लिहिणाऱ्यांनो, निरीक्षण अगदी बरोबर आहे, पण त्यासाठी अजून कोणतीही पायरी ठरलेली नाही. तेव्हा ४००० सालाला ४०० ने भाग जातो आणि आजच्या नियमाने ते लीपच.

आता कोड लिहिणाऱ्यांकडे वळतो. फक्त ४ ने भागून बघणारा कोड १९०१ पासून २०९९ पर्यंत एकदाही चुकत नाही. त्या काळात एकच शतक वर्ष येतं, २०००, आणि ते नेमकं लीप आहे! म्हणजे अर्धवट नियम लावणाऱ्यालाही उत्तर बरोबर मिळालं. १०० च्या पायरीवर थांबणारा कोड मात्र २००० मध्ये चुकतो. थोडं अर्धवट ज्ञान असणारा अडकला आणि अगदीच कमी ज्ञान असणारा सुटला. पूर्ण नियम एका ओळीत मावतो:

```
y % 4 == 0 and (y % 100 != 0 or y % 400 == 0)
```

कंसातला भाग नीट बघा. 'शतक वर्ष नसेल, किंवा ४०० ने भाग जात असेल.' मघापासून जे सांगतोय तेच: ज्याच्या शेवटी दोन शून्यं नाहीत ते कंसाच्या पहिल्या अर्ध्यातच पास होतं, ४०० पर्यंत पोहोचतच नाही. तपासताना कालचं किंवा उद्याचं वर्ष घालू नका. २०२३, २०२४, १९०० आणि २००० ही चार वर्षं घाला. उत्तरं नाही, हो, नाही, हो अशी आली पाहिजेत. १९०० ला 'हो' आलं तर १०० ची पायरी राहिली. २००० ला 'नाही' आलं तर ४०० ची राहिली.

आणि आता स्क्रीनवर या. मी एक्सेल उघडलंय. रिकाम्या चौकटीत ६० टाकतो आणि त्या चौकटीचं स्वरूप तारीख असं करतो. वाचा काय आलं ते: २९ फेब्रुवारी १९००. ही तारीख ग्रेगोरियन कॅलेंडरमध्ये नाही! १९ ला ४ ने भाग जात नाही. एक्सेलच्या आधी लोटस १-२-३ नावाचं स्प्रेडशीट लोकप्रिय होतं, त्यात १९०० हे लीप धरलं होतं. त्याच्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलनेही तोच हिशोब ठेवला, आणि तो आजतागायत आहे. परिणाम बघायचा तर १ टाका. १ जानेवारी १९०० येईल आणि वार दाखवेल रविवार. खरा वार सोमवार होता. जो दिवस नव्हताच तो मोजला, म्हणून त्याच्या आधीचे सगळे वार एकेकाने सरकले. १ मार्च १९०० पासून पुढे सगळं बरोबर आहे, त्यामुळे रोजच्या कामात अडत नाही. पण जुन्या नोंदींचे वार काढत असाल तर सावध राहा. गुगल शीट्समध्ये हेच ६० टाकलं तर २८ फेब्रुवारी १९०० येतो.

इथे एका प्रेक्षकांनी फार चांगला मुद्दा काढला होता. त्यांनी १९०० च्या रशियातल्या कागदपत्रावर २९ फेब्रुवारी ही तारीख पाहिली आणि विचारलं, कागद खोटा समजायचा का? नाही, त्या तारखेवरून तरी नाही. रशियात १९१८ पर्यंत ज्युलियन कॅलेंडर चालू होतं आणि त्यात प्रत्येक शतक वर्ष लीप असतं. तिथला २९ फेब्रुवारी १९०० म्हणजे ग्रेगोरियन १३ मार्च. त्या दिवसापर्यंत दोन कॅलेंडरांत १२ दिवसांचं अंतर होतं, तिथून पुढे १३ चं झालं. म्हणूनच रशियातली २५ ऑक्टोबर १९१७ ची क्रांती बाकी जगात ७ नोव्हेंबरला नोंदली गेली. तेव्हा जुन्या तारखेला नियम लावण्याआधी त्या देशात तेव्हा कोणतं कॅलेंडर होतं ते विचारा. ब्रिटनने १७५२ मध्ये बदल केला, म्हणजे १७०० साली फ्रान्समध्ये २९ फेब्रुवारी नव्हता आणि ब्रिटनमध्ये होता.

शेवटचा प्रश्न एका आजींचा. त्यांच्या नातीचा वाढदिवस २९ फेब्रुवारीला असतो, आणि तो नेहमीच चार वर्षांनी येणार का, असं त्यांनी विचारलंय. २०९६ पर्यंत हो, आजी. २८ फेब्रुवारी २१०० रविवारी आहे आणि सोमवारी लगेच १ मार्च. २०९६ नंतरचा २९ फेब्रुवारी थेट २१०४ साली, आठ वर्षांनी.