चुकलेलं सेशन कुणाचं?

(दृश्य: अंधार. शटर वर जातं.)

छत्रपती संभाजीनगर, सिडको. पहाटेचे सव्वापाच. जिमचं शटर उघडणारा हा पोरगा बीड जिल्ह्यातला. आधी झाडू, मग रात्री कुणीकुणी जमिनीवर टाकून गेलेल्या प्लेटा उचलून जागेवर. वीसची वीसवर, दहाची दहावर. ट्रेनरच्या कामाची सुरुवात अशी होते, आणि याचे वेगळे पैसे नसतात.

साडेपाच ते साडेदहा, मग संध्याकाळी साडेचार ते दहा. मधल्या वेळेत खोलीवर झोप. कागदोपत्री हे अर्धं-अर्धं काम दिसतं, पण दिवस अख्खा जातो.

(दृश्य: निळी वही, जवळून.)

ही वही नीट बघा. या फिल्ममधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच आहे.

त्याचा फिक्स पगार दहा हजार. त्यात फ्लोअर सांभाळायचा, म्हणजे येईल त्याला मशीन दाखवायची, बेंचवर स्पॉट द्यायचा, म्हणजे वजन उचलणाऱ्याला आधाराला उभं राहायचं. खरी कमाई 'पर्सनल'ची, म्हणजे एकट्या मेंबरला वेगळं शिकवण्याची. एखादा मेंबर पर्सनल लावतो तेव्हा महिन्याला सहा हजार भरतो आणि त्याला बारा सेशन मिळतात. ठरल्याप्रमाणे त्यातले चाळीस टक्के ट्रेनरचे. म्हणजे एका क्लायंटमागे 2,400. याच्याकडे सहा क्लायंट. दहा हजार अधिक 14,400, झाले 24,400. नोकरीला लागताना मालकानं आकडा सांगितला तो हाच.

हातात आले 20,800.

(दृश्य: बोट वहीतल्या फुल्यांवरून फिरतं.)

कुणी चोरी केली नाही. चाळीस टक्के दिलेच. पण चाळीस टक्के कशाचे, हे कुणी विचारलंच नव्हतं. भरलेल्या फीचे की झालेल्या सेशनचे? इथे झालेल्या सेशनचे. सहा हजार भागिले बारा, म्हणजे सेशनला पाचशे, त्यातले दोनशे ट्रेनरचे. क्लायंट आला तर दोनशे. नाही आला तर फुली.

आणि क्लायंट येत नाही. दोघे वाळूजच्या कंपनीत आहेत, शिफ्ट बदलली की सकाळचं सेशन बुडतं. त्या दोघांची चोवीसपैकी दहाच झाली. बाकी चौघांची अठ्ठेचाळीसपैकी चव्वेचाळीस. एकूण बहात्तरपैकी चोपन्न. चोपन्न गुणिले दोनशे, 10,800. उरलेल्या अठरा सेशनची फी मेंबरनं आधीच भरलेली होती. महिना संपला की ती सेशन बाद, पैसे गल्ल्यात.

"मी तं उभाच होतो ना सर, सहा वाजता. तेच आले न्हाईत."

म्हणजे न येणाऱ्या क्लायंटचा तोटा सगळा याच्या अंगावर. त्या तासात दुसरा क्लायंट घेता येत नाही, कारण जागा राखून ठेवलेली असते. मालकाला भाडं आहे, वीज आहे, ट्रेडमिलचे हप्ते आहेत, हे आम्हालाही दिसतं. पण क्लायंट जितका जास्त बुडवेल तितका फायदा कुणाचा, हे वहीत स्पष्ट आहे.

दोन गल्ल्या सोडून दुसरी जिम आहे. मशीन जुन्या, एसी नाही. तिथं नियम साधा: आदल्या रात्री कळवलं तर सेशन पुढं जातं, कळवलं नाही तर झालं असं धरायचं आणि ट्रेनरला पैसे द्यायचे. क्लायंटची सही रोज वहीत, आणि वही ट्रेनरकडे. तिथले दोन ट्रेनर चार-चार वर्षं टिकून आहेत. जिम पारखायची तर आरशांपेक्षा हे बघावं. मुलाखतीला जाताना सकाळची गर्दी ओसरल्यावर जावं, ट्रेनर मोकळे असतात, इथं किती दिवस झाले ते विचारावं. आणि मूळ सर्टिफिकेट 'ठेवून घेतो' म्हणणाऱ्याकडून उठून यावं, झेरॉक्स पुरते.

(दृश्य: विद्यापीठाचा परिसर, साईच्या केंद्राची पाटी.)

विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, म्हणजे साईचं, केंद्र आहे. आत शूटिंग झालं नाही, म्हणून पाटीच दाखवतोय. ही वाट वेगळी आहे. तिथं तीन महिन्यांचा जिमचा कोर्स चालत नाही. प्रशिक्षक व्हायचं तर एका खेळात नाव हवं, मग पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, डिप्लोमा. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर बीपीएड. याला खेळ होता, कबड्डी, पण जिल्ह्यापर्यंतच. तालमीतून आलेली, मैदानावरून आलेली कितीतरी पोरं याच कारणानं जिमच्या फ्लोअरवर थांबतात.

मार्चमध्ये त्यानं ती पहिली जिम सोडली. शेवटच्या महिन्याचे पर्सनलचे पैसे मिळाले नाहीत.

(दृश्य: दुसरी जिम. पंख्याचा आवाज.)

आता तो या जुन्या मशीनच्या जिममध्ये आहे. फिक्स आठ हजार, दोन हजारांनी कमी. समोरचे काका स्क्वॉट करतायत, गुडघे आत येतायत. तो वाकतो, हातानं गुडघा बाहेर ढकलतो, पुन्हा मोजायला लागतो. सेट संपल्यावर वही पुढं करतो. काका सही करतात.